दिवाळीच्या छायाचित्रातले सात जण

छायाचित्र साडेआठ इंच लांब आणि साडेसहा इंच रुंद आहे. राखी रंगाच्या जाड पुठ्ठ्यावर ते चिकटवलेले असून पुठ्ठ्याच्या एका कोपऱ्याला कसरीने खाल्लेले आहे. नारायण पेठेतल्या एका वाड्याचा चौक त्यात दिसतो. मागे खांबांवर बांधलेली पांढरी चादर, खाली सतरंजी, मध्ये दोन खुर्च्या. पाहणाऱ्याच्या डावीकडून मोजले तर सात माणसे आहेत. कडेला टोपी घातलेला बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा, त्याच्याजवळ उभी असलेली धाकटी सून, खुर्चीवर नऊवारीतल्या आजी, दुसऱ्या खुर्चीवर थोरले चिरंजीव म्हणजे दादा, सतरंजीवर त्यांची पत्नी, तिच्या मांडीवर तान्हे मूल, आणि अगदी उजव्या टोकाला, दादांच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभे असलेले धाकटे चिरंजीव. घरात त्यांना सगळे काका म्हणत.

मांडीवरचे ते मूल आता सत्तरीचे गृहस्थ आहेत. त्यांच्या पत्नीने, म्हणजे या घरच्या थोरल्या सूनबाईंनी, गेल्या पर्युषणानंतर या छायाचित्राखाली दोन पाने मजकूर लिहिण्याचे मनावर घेतले. निमित्त साधे होते. घराण्याच्या दोन शाखा पासष्ट वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. जाणे-येणे लग्नकार्यापुरते उरले आणि क्षमावणीची पत्रे छापील झाली. नव्या पिढीला चित्रातली माणसे ओळखू यावीत म्हणून छायाचित्राच्या प्रती दोन्ही घरांत द्याव्यात, असे ठरले. परंतु प्रतीखाली काकांच्या नावापुढे काय लिहावयाचे, या प्रश्नाशी लेखणी अडली. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी गोष्ट अशी होती की, पुराच्या दिवशी काका म्हातारी आई, बायका आणि मुले यांना वाड्यात सोडून निघून गेले.

सूनबाईंनी आधी फक्त चित्रच वाचायचे ठरविले. त्यासाठी त्यांनी एक शिस्त लावून घेतली. जे डोळ्यांना दिसते ते काळ्या शाईने, जे कोणी सांगितले ते निळ्या शाईने आणि सांगणाऱ्याच्या नावासह, आणि जो केवळ अंदाज आहे तो शिसपेन्सिलीने लिहायचा. पहिल्या बैठकीला काळ्या शाईच्या ओळी फार थोड्या निघाल्या. इतके दिवस जे "चित्रात आहे" असे वाटत होते त्यातले पुष्कळसे चित्रात नव्हते. ते ऐकीव होते.

उदाहरणार्थ, धाकटी सून "काळे लुगडे नेसून बसली होती, म्हणजे तेव्हापासूनच तिचे मन या घरात नव्हते," असे एक वाक्य घरात रुळले होते. पण त्या काळच्या पुष्कळ काचांवरचा लेप तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळा असे. तांबडे वस्त्र त्यावर गडद, काळ्यासारखे उमटे. कपाळावरचे कुंकूही तसेच काळे दिसे. याच चित्रात आजींच्या शेजारी बसलेल्या थोरल्या सुनेचे कुंकू पाहिले तर ते धाकटीच्या साडीइतकेच काळे आहे. म्हणजे ती साडी काळी असण्यापेक्षा तांबडी असण्याचा संभव अधिक. नवी नवरी दिवाळीला तांबडी साडी नेसते, यात नवल ते काय? वाक्यातला "काळे" हा शब्द निळ्या शाईतून शिसपेन्सिलीत गेला, आणि त्यावर उभे असलेले मनाचे निदान खोडले गेले.

दुसरी शंका पदराविषयी होती. आजींचा पदर डाव्या खांद्यावर आहे आणि धाकटीचा उजव्या. प्रती काढताना काच उलटी ठेवली गेली तर चित्र आरशातल्यासारखे उलटते, आणि मग डावीकडचा माणूस उजवीकडे जातो. पदर हा त्याचा पुरावा म्हणून पुष्कळ लोक धरतात. जैन घरांत तो फसवा ठरतो, कारण एकाच घरात नऊवारी नेसणारी सासू आणि गुजराती वळणाचा पदर घेणारी सून एकत्र असू शकतात. म्हणून सूनबाईंनी बटणे पाहिली. पुरुषांच्या सदऱ्याची डावी बाजू उजव्या बाजूवर येते. दादांच्या कोटाची आणि काकांच्या सदऱ्याची बटणे तशीच होती. चित्र सरळ होते. काका खरोखरच उजव्या टोकाला उभे होते, आणि त्यांचा हात खरोखरच थोरल्या भावाच्या खुर्चीवर होता.

मग काळ. छायाचित्राच्या पाठीवर शाईने "पुण्याहून आले, दिवाळी" एवढेच लिहिलेले आहे, साल नाही. मांडीवरचे मूल १९५५च्या मार्गशीर्षातले. चित्रात ते आधाराने ताठ बसते आहे, पण त्याचा चेहरा पुसट आहे, कारण अशा मोठ्या कॅमेऱ्याला चौकातल्या सावलीत अर्ध्या-एक सेकंदाचा अवकाश लागे आणि तेवढा वेळ मोठी माणसे श्वास धरून बसत; मूल मात्र मान हलवून मोकळे झाले. वर्षाच्या आतले मूल आणि दिवाळी, म्हणजे १९५६. घरातला धंदा कागदाचा आणि कीर्दखतावण्यांचा. व्यापारी दिवाळीला नव्या वह्यांची पूजा करतात, म्हणून दिवाळीपूर्वीचा महिना दुकानाचा सर्वांत धावपळीचा. भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी पहाटे लाडू चढवून, वहीपूजन उरकून दुकान पहिल्यांदा विसावले की मगच घरात छायाचित्रकार येऊ शके. सदऱ्यांवरच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. कपडे नवे आहेत. इतके चित्र सांगते.

आणि चित्र जे सांगत नाही ते त्याच्या पाठीवरच आहे. ते अक्षर घरातल्या कोणाचेही नाही. ते बार्शीला दिलेल्या आत्याबाईंचे आहे. चित्रात आत्याबाई नाहीत, आणि नाहीत म्हणूनच ही प्रत काढून त्यांना पाठविली गेली. वाड्यातल्या भिंतीवर याच चित्राची चौकटीत बसविलेली मोठी प्रत होती. ती १९६१ साली गेली. जी चित्रात नव्हती तिच्या ट्रंकेतच हे चित्र उरले. कुटुंबाचे जुने छायाचित्र शोधणाऱ्याने आधी चित्रात नसलेल्या माणसाच्या घरी जावे, हे सूनबाईंना येथे कळले. त्यांनी आत्याबाईंच्या चिरंजिवांना पत्र लिहिले, आणि त्यांनी ट्रंकेतल्या उरलेल्या कागदांचे पुडके पाठवून दिले. त्या पुडक्यात काकांचे एक कार्ड होते.

कार्डाकडे वळण्यापूर्वी त्या दिवसाचा क्रम पाहिला पाहिजे, कारण सगळा वाद वेळेचा आहे.

१२ जुलै १९६१, बुधवार. आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण अजून पुरे व्हायचे होते. पावसाने त्यात पाणी चढत गेले, बांध खचू लागला, जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली, आणि सकाळी धरण फुटले. ते पाणी खाली खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर येऊन आदळले. ते धरण काही तास टिकले आणि दुपारी तेही फुटले. म्हणजे शहरावर पाणी आले ते एका लाटेत नव्हे. आधी मुठा फुगत गेली आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरू लागले. मग खडकवासला गेल्यावर ते एकाएकी चढले. लकडी पुलावरून पाणी वाहिले. नारायण, शनिवार या पेठांचा नदीकडचा भाग बुडाला. मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात असताना उभे राहिले आणि पाणी ओसरताना बसले, कारण भिजलेल्या भिंतीला पाण्याचा जो उलटा आधार होता तोच निघून गेला.

या घराचा वाडा त्यांतलाच. त्या दिवशी घरात आजी, दोन्ही सुना आणि साडेपाच वर्षांचा मुलगा एवढीच माणसे होती. मुलाला, म्हणजे सूनबाईंच्या यजमानांना, तीन गोष्टी आठवतात. चौकात तरंगणारी सतरंजी. माळ्याच्या झरोक्यातून शेजारच्या वाड्याच्या कौलांवर जाताना कोणाच्या तरी खांद्याचा ओला वास. आणि तिन्हीसांजेच्या आधी शेजाऱ्यांनी हातावर ठेवलेले गूळ-शेंगदाणे. आजींनी ते घेतले नाहीत. सूर्य मावळला की नाही ते ढगांमुळे कळत नाही, म्हणाल्या, आणि रात्रभर पाण्याचा थेंबही न घेता बसून राहिल्या. सभोवार पाणी आणि चौविहार सांभाळणारी ती वृद्धा, हे दृश्य कुठल्याही छायाचित्रात नाही.

त्या रात्री काका घरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा आजींनी त्यांच्याकडे पाहिले नाही, असे सांगतात. दुकानातला कागद लगद्यासारखा झाला होता, वाडा राहण्याजोगा उरला नव्हता. पुढच्या काळात खडकवासल्याचा साठा रिता झाल्याने शहराला नळाचे पाणी नव्हते. लोक वाड्यांतल्या विहिरी आणि पेशवेकालीन हौद यांकडे पुन्हा वळले. पाणी गाळून आणि उकळून पिण्याचा घराचा नेम त्या दिवसांत सगळ्या आळीने घेतला. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर भागात अर्धगोल पत्र्याच्या निसन हट उभ्या राहिल्या. काका-काकू तिकडे गेले आणि मग परत आलेच नाहीत. दादांनी पेठेतच जागा घेतली. भाऊ वेगळे झाले, आणि कारण म्हणून पुराच्या दिवसाची ती गोष्ट उरली.

आता कार्ड. काकांनी ते आपल्या बहिणीला पुरानंतर चौथ्या दिवशी लिहिले आहे. मजकूर त्रोटक आहे. माणसे सुखरूप असल्याचे पहिल्या ओळीत येते. नंतर ते लिहितात की, दादांच्या सांगण्यावरून सकाळी नऊच्या सुमारास पूल ओलांडून डेक्कनकडच्या वखारीत कागदाचे गठ्ठे उंचावर लावायला गेलो. परतायला निघालो तेव्हा पुलावर पाणी होते. रात्र टेकडीच्या उतारावर काढली. आई बोलत नाही.

सूनबाईंना प्रथम आनंद झाला, आणि त्या आनंदानेच त्यांना सावध केले. कार्ड काकांचे आहे. स्वतःच्या बाजूने लिहिणाऱ्याचे म्हणणे निळ्या शाईतच बसते, काळ्या शाईत नव्हे. म्हणून त्यांनी त्या मजकुराचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा तपासला.

नऊला निघणे म्हणजे पळून जाणे होते काय? नाही. त्या वेळी पूल चालू होता आणि पेठेत बातमीपेक्षा अफवा अधिक होत्या. वाड्याला धोका आहे असे ठाऊक असते तर दादाही दुकानात गेले नसते. परतणे शक्य होते काय? दुपारनंतर नाही. लकडी पूल पाण्याखाली होता, आणि नदीच्या दोन्ही तीरांची माणसे एकमेकांपासून तुटली होती. या दोन गोष्टी कोणाच्याही शब्दावर अवलंबून नाहीत. त्या धरणे फुटण्याच्या क्रमावरूनच निघतात. तेव्हा "सोडून गेले" हे क्रियापद टिकत नाही. उरला तिसरा तुकडा: "दादांच्या सांगण्यावरून." याला कार्डाखेरीज पुरावा नाही. दादा हयात असेपर्यंत त्यांनी हे कधी सांगितले नाही, आणि कधी नाकारलेही नाही, कारण त्यांना कोणी विचारलेच नाही.

येथे सूनबाईंना छायाचित्राकडे पुन्हा पाहावे लागले. त्या दिवशी घरात दोघेही भाऊ नव्हते. दादा लक्ष्मी रस्त्याच्या बाजूला दुकानात होते, काका पलीकडे वखारीत. दोघांनीही कागद वाचवायचा प्रयत्न केला, दोघांनाही तो साधला नाही. मग दोष एकालाच का लागला? चित्रात एक बसलेला आहे आणि एक उभा आहे. थोरल्याची अनुपस्थिती ही जबाबदारी समजली गेली आणि धाकट्याची अनुपस्थिती हा अपराध. हा अंदाज त्यांनी शिसपेन्सिलीने लिहिला आणि खोडला नाही.

अनेकान्ताची शिकवण प्रत्येक जैन घरात मुलांना हत्ती आणि आंधळे यांच्या गोष्टीतून दिली जाते. पण त्या गोष्टीत हत्ती समोर उभा असतो. कोणीतरी डोळस माणूस येऊन सगळे तुकडे जोडतो. घराण्याच्या इतिहासात हत्ती निघून गेलेला असतो. छायाचित्र हा एक नय आहे, आजींचा रुसवा हा दुसरा, कार्ड हा तिसरा, आणि डोळस माणूस कोणीच नाही. म्हणूनच स्याद्वादाच्या सात भंगांत "अवक्तव्य" हाही एक भंग आहे. त्याचा आडोसा घेऊन सगळेच धूसर म्हणून सोडून देणे सोपे असते. परंतु दोन तुकडे ठरविता येत असताना तिसऱ्यासाठी तिन्ही सोडणे हा अनेकान्त नव्हे. तो आळस होय. सूनबाईंनी जे ठरत होते ते ठरविले आणि जे ठरत नव्हते ते तसे म्हणून लिहिले.

प्रतीखाली शेवटी हा मजकूर आला:

"दिवाळी, १९५६ (मुलाच्या वयावरून). नारायण पेठेतला वाडा, चौक. उजवीकडे उभे काका. १२ जुलै १९६१ रोजी पूर आला तेव्हा ते नदीपलीकडे वखारीत होते आणि पूल बुडाल्यामुळे त्या रात्री परतू शकले नाहीत. आपण दादांच्या सांगण्यावरून गेलो, असे त्यांनी आत्याबाईंना कळविले होते. दादांचे म्हणणे कोणी विचारले नाही. आजी, दोन्ही सुना आणि मूल यांना माळ्यावरून शेजारच्या वाड्यात नेण्यात आले. चित्रात आत्याबाई नाहीत. हे चित्र त्यांनी जपले. डावीकडचा टोपीवाला मुलगा कोण, ते ठाऊक नाही."

मजकूर यजमानांनी दोनदा वाचला. "दादांचे म्हणणे कोणी विचारले नाही" या वाक्यावर ते थांबले. वडिलांवर बोट ठेवल्यासारखे होते, म्हणाले. सूनबाई म्हणाल्या, "अहो, बोट त्यांच्यावर नाही. न विचारणाऱ्यांत आपण सगळेच आहोत." वाक्य राहिले.

दोन प्रती काकांच्या घरी गेल्या. पंधरा दिवस काही आले नाही. मग काकांच्या नातीचे पत्र आले, हाताने लिहिलेले. चित्रातली तांबडी साडी आजीची लग्नातली होती, असे तिने आरंभीच लिहिले होते. ती साडी पुरात गेली नाही, कारण त्या सकाळी आजीने ती अंगाभोवती गुंडाळली होती. आणि टोपीवाला मुलगा कोण तेही तिच्या आजीने तिला सांगून ठेवले होते. तो दुकानात कागद मोजायला ठेवलेला मुलगा. दिवाळीला त्यालाही घरचे कपडे शिवले म्हणून तो चित्रात आला. पुराच्या दुपारी दादांनी दुकान सोडून त्याला वाड्याकडे पिटाळले होते, तोवर तो चांगला जवान झाला होता, आणि माळ्याच्या झरोक्यातून आजींना आणि मुलाला खांद्यावर घेऊन कौलांवर नेणारा तोच.

हे काकूंचे सांगणे, म्हणून ते निळ्या शाईत गेले. पण ते दादांच्या बाजूचे होते आणि काकांच्या घरातून आले होते. ज्याचा स्वार्थ नाही त्याच्या शब्दाला वजन अधिक असते. प्रतीखालची शेवटची ओळ खोडून सूनबाईंनी तेथे त्या मुलाचे काम लिहिले. नाव मात्र नातीलाही ठाऊक नव्हते. घरातले सगळे त्याला नुसते "पोऱ्या" म्हणत, आणि ज्याच्या खांद्यावरून हे घराणे पुढे आले त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचे दोन्ही घरांत आता कोणाला आठवत नाही. तेवढी जागा प्रतीवर कोरी ठेवलेली आहे.